वर्षाच्या मध्यात खातं बदललेल्या कर्मचाऱ्याचं अप्रेझल: दोन मॅनेजरांचे पुरावे एका कागदावर कसे आणायचे

मार्चअखेरीला अप्रेझलचे फॉर्म उघडतात, तेव्हा काही नावांपुढे सिस्टिममध्ये एकाच मॅनेजरचं नाव दिसतं. प्रत्यक्षात त्या माणसाने निम्मं वर्ष दुसऱ्याच कुणाच्या हाताखाली काढलेलं असतं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कंपन्यांत हे नेहमी घडतं. गोडाऊन रबाळ्याला, ऑफिस वागळे इस्टेटला, आणि माणसं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. अशा वेळी दोन सोपे रस्ते समोर असतात. एक म्हणजे आत्ताचा मॅनेजरच सगळं लिहून टाकतो. दुसरा म्हणजे दोघांकडून एकेक रेटिंग मागवून त्यांची सरासरी काढली जाते. पहिल्यात निम्मं वर्ष पुसलं जातं. दुसरा हिशेबी वाटतो, पण त्यातही माणसावर अन्याय होतो, कारण एका मॅनेजरचा ‘४’ आणि दुसऱ्याचा ‘४’ यांचा अर्थ एकच असतो असं आपण गृहीत धरतो.

हा लेख पहिल्यांदाच असं अप्रेझल हाताळणाऱ्या टीम लीडसाठी आणि एचआरमधल्या नव्या माणसांसाठी आहे. यातलं मुख्य सूत्र एकच: आधी दोघांचे पुरावे एकत्र करायचे, ते एकाच मापाने मोजायचे आणि आकडा सगळ्यांत शेवटी काढायचा.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्यातल्या अडचणी रोजच्या आहेत. औद्योगिक सुटे भाग पुरवणारी एक कंपनी आहे. तिच्या रबाळ्याच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅच पाहणारी एक एक्झिक्युटिव्ह १६ ऑक्टोबर २०२४ पासून वागळे इस्टेटच्या ऑफिसात कस्टमर सर्व्हिसला गेली. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणजे जुन्या कामाचे १९८ दिवस आणि नव्या कामाचे १६७. रेटिंग १ ते ५. मार्चअखेरीला गोडाऊनच्या मॅनेजरांनी तोंडी सांगितलं, “मुलगी चांगली आहे, चार द्या.” कस्टमर सर्व्हिसच्या मॅडमनी फॉर्ममध्ये २ टाकले. दिवसांच्या प्रमाणात सरासरी काढली तर ३.०८ येतात. फॉर्मवर ३ पडले असते आणि विषय तिथेच संपला असता. पण हे ३ कशाचे, असं तिने विचारलं असतं तर दोघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नसतं.

बदलीच्या आठवड्यातच करायचं काम

खरं तर हे अप्रेझल मार्चमध्ये सुरू होत नाही, ते बदलीच्या आठवड्यात सुरू होतं. जुन्या मॅनेजरने बदलीच्या तारखेपासून दहा दिवसांच्या आत एक पान लिहून ठेवायचं. आपण त्याला क्लोजिंग नोट म्हणू. त्यात तीन गोष्टी पुरतात: प्रत्येक केआरएवर, म्हणजे ठरवून दिलेल्या मुख्य कामावर, त्या तारखेपर्यंतचा आकडा, तारखेसह सहा ते आठ ठळक प्रसंग, आणि अर्धवट राहिलेली कामं कुठल्या टप्प्यावर सोडली त्याची नोंद. प्रसंग सगळे शेवटच्या महिन्यातले नसावेत. एप्रिल ते जूनमधले किमान दोन तरी शोधून लिहावेत, कारण मार्चपर्यंत थांबलं तर मॅनेजरच्या डोक्यात जून-जुलै उरतच नाही. उरते ती फक्त ‘चांगली होती’ किंवा ‘कटकट होती’ एवढी छाप. अशी छाप पुरावा म्हणून चालत नाही.

दहाच दिवस का, तर तोपर्यंत जागेवर नवा माणूस आलेला असतो आणि जुन्या माणसाची त्याच्याशी तुलना सुरू होते. नवा माणूस अडखळला की आधीची व्यक्ती फार हुशार वाटू लागते. नवा चटपटीत निघाला की आधीचीचं काम फिकं वाटतं. दोन्ही वेळा तिच्या कामात काहीच बदललेलं नसतं.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण नवखे हमखास तिच्यात अडकतात. बऱ्याच एचआर सॉफ्टवेअरमध्ये कर्मचाऱ्याचा रिपोर्टिंग मॅनेजर बदलला की जुन्या मॅनेजरला त्या कर्मचाऱ्याचं पान दिसायचं बंद होतं. काही ठिकाणी जुने गोल्सही बंद होतात किंवा नव्यांनी झाकले जातात. म्हणून सिस्टिममध्ये बदल करण्याआधी जुन्या गोल शीटची आणि मिड-इयर रिव्ह्यूची पीडीएफ काढून कर्मचारी, दोन्ही मॅनेजर आणि एचआर यांना एकाच मेलवर पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे. ते राहिलं तर एप्रिलमध्ये आयटीच्या मागे आठवडाभर फिरावं लागतं.

नव्या मॅनेजरचंही या आठवड्यात एक काम असतं: उरलेल्या काळाचे गोल्स लिहिणं आणि शिकण्याचा काळ ठरवणं. आपल्या उदाहरणात पहिले सहा आठवडे, म्हणजे २६ नोव्हेंबरपर्यंतचे ४२ दिवस, शिकण्याचे ठरले. नेहमीचं उद्दिष्ट होतं सात दिवसांच्या आत ९० टक्के तक्रारी निकाली काढणं. शिकण्याच्या काळासाठी ते ७० टक्के धरलं. हे मेलवर लिहिलेलं होतं. ते नसतं तर मार्चमध्ये ‘मला वाटलं होतं की…’ यावर वाद झाला असता आणि त्या वादात कर्मचाऱ्याची बाजू नेहमीच कमकुवत पडते.

उद्दिष्टं नुसती दिवसांनी भागू नका

वर्षाचं उद्दिष्ट घेऊन १९८ भागिले ३६५ केलं की जुन्या कामाचं उद्दिष्ट मिळालं, असं वाटतं. टक्केवारीच्या उद्दिष्टांना भागावं लागतच नाही. ९५ टक्के वेळेवर डिस्पॅच हे सहा महिन्यांनाही ९५ टक्केच. संख्येच्या उद्दिष्टांना भागावं लागतं, पण तिथे काम वर्षभर सारखं येतं का ते आधी पाहा. डिस्पॅचमध्ये जुलैचा पाऊस असतो, गणपती असतात, दिवाळीआधीची गर्दी असते आणि घोडबंदर रोडवर अवजड वाहनांना दिवसा बंदी लागली की गाड्यांचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. मार्चमध्ये बिलं काढण्याची घाई वेगळीच. जिने एप्रिल ते ऑक्टोबर काढले तिच्या वाट्याला पावसाळा पूर्ण आला आणि मार्च आलाच नाही.

त्यासाठी मागच्या वर्षीचा महिनावार आकडा काढा आणि त्याच महिन्यांशी तुलना करा. उदाहरणातल्या एक्झिक्युटिव्हचा जुलैचा आकडा ९१ टक्के होता. एकटा पाहिला तर वाईट. सगळा काळ धरून तिचे ९६.४ टक्के होते आणि उद्दिष्ट ९५ होतं. जुलैमधली घसरण कुणाच्याही काळात येतेच. पण पावसाचं कारण प्रत्येक चुकीला लावू नका. गाडी खाडीपुलाजवळ अडकली तर तो पाऊस. पिकिंग लिस्ट आदल्या दिवशी तयार झाली नाही, तर तो पाऊस नाही.

टप्प्याटप्प्याने होणाऱ्या कामात बदलीच्या तारखेला कुठे असायला हवं होतं ते प्लॅनमध्ये पाहा. गोडाऊनच्या नऊ रॅकना डिसेंबरपर्यंत बारकोड लावायचे होते. १५ ऑक्टोबरपर्यंत प्लॅनप्रमाणे सहा व्हायला हवे होते, झाले पाच. म्हणजे थोडी पिछाडी. नऊपैकी पाच असं लिहिलं तर तिच्यावर अन्याय, आणि ‘काम व्यवस्थित चालू होतं’ असं लिहिलं तर तेही खोटं.

दोघांनी वेगवेगळं लिहायचं

मार्चमध्ये दोन्ही मॅनेजरांना एकच कोरा तक्ता पाठवा. रकाने चारच ठेवा: केआरए, काय झालं, त्याचा पुरावा कुठे आहे, आणि त्या केआरएपुरतं सुचवलेलं रेटिंग. एकूण रेटिंगचा रकाना ठेवूच नका. तो ठेवला की माणूस आधी तो भरतो आणि मग वरचे रकाने त्याला जुळवून घेतो.

महत्त्वाचं म्हणजे, दोघांनी एकमेकांचं न पाहता लिहायला हवं. ‘वरिष्ठांनी आधी भरलंय, तुम्ही फक्त पाहून घ्या’ असं म्हणून तक्ता पुढे सरकवला तर दुसरा आकडा पहिल्याच्या आसपासच येतो. तेव्हा एकाच दिवशी दोन स्वतंत्र मेल पाठवा, आठवड्याची मुदत द्या आणि दोन्ही आल्यावरच उघडा.

जुन्या मॅनेजरला हे काम ओझं वाटतं, कारण माणूस आता त्याचा राहिलेला नसतो. मेलमध्ये काय हवं ते नेमकं सांगितलं तर उत्तर लवकर येतं. “सर, १ एप्रिल ते १५ ऑक्टोबर एवढ्याच काळाबद्दल लिहा. त्यानंतर कानावर आलेलं काही धरू नका. तुमची ऑक्टोबरची नोट सोबत जोडली आहे, तिच्यात काही भर घालायची असेल तर तारीख लिहा.” यातलं दुसरं वाक्य गाळू नका. जुन्या मॅनेजरच्या कानावर नव्या खात्यातल्या गोष्टी येतच असतात आणि त्या नकळत जुन्या रेटिंगमध्ये शिरतात.

गोडाऊनच्या मॅनेजरांना तक्ता भरावा लागला तेव्हा त्यांचे सरसकट चार मोडून केआरएनिहाय झाले. वेळेवर डिस्पॅच ४, कागदपत्रांची अचूकता ४, बारकोड ३. कस्टमर सर्व्हिसच्या मॅडमचा तक्ता असा आला: तक्रारी २, मोठ्या ग्राहकांना नियमित फोन २, क्रेडिट नोटांचा निपटारा ३.

कुठली गोष्ट कुणाच्या काळात धरायची

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण पुढचे बहुतेक घोळ इथूनच निघतात.

पहिला नियम: काम ज्या दिवशी केलं ती तारीख धरायची, गोष्ट उघडकीला आली ती नाही. जानेवारीत चाकणच्या एका ग्राहकाची तक्रार आली की चुकीचा भाग पोचला. तक्रार कस्टमर सर्व्हिसला आली, म्हणून मॅडमनी शेऱ्यात लिहिलं, ‘गंभीर तक्रार’. कागद काढले तेव्हा तो माल १२ सप्टेंबरला निघाला होता आणि पिकिंग लिस्टवर तिचीच सही होती. चूक तिचीच, पण जुन्या कामातली. ती कस्टमर सर्व्हिसच्या शेऱ्यातून काढून डिस्पॅचच्या अचूकतेत टाकली. त्या काळात सुमारे ६,२०० बिलं गेली होती. नोंदलेल्या चुका १८ होत्या, त्या १९ झाल्या. हजारी २.९ चं प्रमाण ३.१ झालं. मर्यादा हजारी ४ ची होती, म्हणून तिथलं रेटिंग बदललं नाही. चूक लपवली नाही, फक्त तिच्या जागी नेली.

याची उलट बाजूही पाहावी लागते आणि ती सहसा कुणी पाहत नाही. माणूस एखादी गोष्ट पेरून जातो आणि तिचं फळ मागून येणाऱ्याच्या आकड्यात दिसतं. नोव्हेंबरनंतर गोडाऊनमधल्या चुका कमी झाल्या असतील आणि त्याचं कारण तिने बसवलेले बारकोड असतील, तर ती नोंद जुन्या मॅनेजरने करायला हवी. पण त्यासाठी रेटिंग वाढवू नका, शेऱ्यात लिहा. त्या निकालात पुढच्या माणसाचाही वाटा असतो आणि दोघांचे वाटे वेगळे करण्याचा खात्रीचा मार्ग नसतो.

दुसरा नियम वारशाने आलेल्या कामाचा. ती कस्टमर सर्व्हिसला आली तेव्हा ४६ क्रेडिट नोटा आधीच्या माणसाच्या काळापासून तुंबल्या होत्या. मार्चअखेरीला ११ राहिल्या. मॅडमनी त्या ११ पाहून ३ दिले होते, कारण फॉर्म भरताना डोळ्यांसमोर शिल्लकच होती. सुरुवातीचा आकडा शेजारी लिहिला तेव्हा चित्र बदललं. उद्दिष्ट १५ च्या खाली आणायचं होतं. तुंबलेलं सगळं आधीचं होतं आणि तिने त्यातलं बहुतेक उपसलं होतं. मॅडमनी स्वतःहून ४ केले. म्हणून नव्या कामाच्या प्रत्येक केआरएला ‘पहिल्या दिवशी किती’ हा आकडा लागतोच. तो बदलीच्या आठवड्यातच काढून ठेवला तर बरं, नाहीतर नंतर जुन्या मेलमधून शोधत बसावं लागतं.

तिसरी गोष्ट दोन्हीकडे अडकलेल्या दिवसांची. कागदावर बदली १६ ऑक्टोबरला झाली, पण तेव्हा दिवाळीची गर्दी होती आणि ९ नोव्हेंबरपर्यंत ती रोज अर्धा दिवस रबाळ्याला जात होती. हे २५ दिवस दोघांच्याही तक्त्यात नव्हते. जुने मॅनेजर म्हणाले, ती तेव्हा माझ्याकडे नव्हती. मॅडमना एवढंच दिसलं की सुरुवातीला आठवड्याला पाचच फोन झाले, उद्दिष्ट बाराचं असताना. सकाळी गोडाऊन आणि दुपारनंतर ऑफिस करणाऱ्या माणसाकडून पूर्ण दिवसाचे फोन मागणं योग्य नाही. नंतरच्या महिन्यांत आठवड्याची सरासरी अकरा होती. अशा वेळी दोन्ही मॅनेजरांच्या संमतीने त्या दिवसांचं काम तक्त्यात एका वेगळ्या ओळीत लिहा आणि त्या ओळीचा पुरावा जुन्या मॅनेजरकडून घ्या, नव्या खात्यातली नोंद असली तरी. फोनचं रेटिंग चर्चेनंतर ३ ठरलं.

रजेचाही प्रश्न इथेच येतो. प्रसूती रजा किंवा मोठं आजारपण यांचे दिवस कामाच्या दिवसांतून वजा करायचे. त्या काळात काम झालं नाही म्हणून उद्दिष्ट चुकलं, असं लिहायचं नाही.

दोन मापं एक करणं

आता उरतो तो स्वभावाचा फरक. काही मॅनेजर हात सैल सोडतात, काही मुठीत धरतात, काही सगळ्यांना ३ देऊन मोकळे होतात. हे ओळखायला दोघांनी गेल्या वर्षी आपापल्या टीमला दिलेली रेटिंग्ज शेजारी ठेवा. एकाची सरासरी ४.२ आणि दुसऱ्याची ३.१ निघाली, तर काहीतरी वेगळं आहे एवढं कळतं. पण तेवढ्यावरून एकाचे गुण कापू नका किंवा दुसऱ्याचे वाढवू नका. सहा माणसांची टीम खरोखरच चांगली असू शकते. एवढ्या लहान आकड्यांवरून काढलेली दुरुस्ती कधीकधी मूळ चुकीपेक्षा मोठी चूक करते.

त्यापेक्षा रेटिंगच्या व्याख्या समोर ठेवून वाचा. कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘३ म्हणजे अपेक्षेप्रमाणे’ इतकंच लिहिलेलं असतं, ते पुरत नाही. दोघांना एका केआरएपुरत्या दोन ओळी लिहायला लावा. आपल्या उदाहरणात तक्रारींसाठी असं ठरलं: ३ म्हणजे ठरलेलं उद्दिष्ट गाठलं, ग्राहकाला पाठपुरावा करावा लागला नाही. ४ म्हणजे उद्दिष्टाच्या पुढे आणि त्याच तक्रारी परत येऊ नयेत म्हणून स्वतःहून काही केलं. २ म्हणजे उद्दिष्ट चुकलं आणि कुणाला तरी मध्ये पडून काम पुरं करावं लागलं.

आता मॅडमचे २ या मापाला लावून पाहू. त्यांनी पूर्ण काळाचा आकडा घेतला होता: २०० तक्रारींपैकी १७२ सात दिवसांत निकाली, म्हणजे ८६ टक्के. ९० च्या खाली, म्हणून २. पण शिकण्याच्या सहा आठवड्यांत ५० पैकी ३४, म्हणजे ६८ टक्के होते आणि उद्दिष्ट ७० चं होतं. नंतरच्या चार महिन्यांत १५० पैकी १३८, म्हणजे ९२ टक्के, उद्दिष्ट ९० चं. सुरुवातीला दोन टक्के मागे, नंतर दोन टक्के पुढे, आणि मध्ये पडून कुणी काम पुरं केल्याची एकही नोंद नाही. व्याख्येप्रमाणे हे ३ होतं. ४ मात्र नाही, कारण तक्रारी परत येऊ नयेत म्हणून केलेलं काही तक्त्यात नव्हतं आणि विचारल्यावरही सापडलं नाही.

बदलीबरोबर ग्रेड वाढली असेल तर मापं दोन असतात. ऑक्टोबरपर्यंतचं काम जुन्या ग्रेडच्या अपेक्षेने आणि नंतरचं नव्या ग्रेडच्या अपेक्षेने मोजायचं. बढती मिळाली म्हणून एप्रिलचं काम वरच्या ग्रेडच्या मापाने मोजलं तर तिला बढतीची शिक्षाच होते.

ही चर्चा प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर करा. पाऊण तास पुरतो. ज्याची श्रेणी लहान त्याने आधी बोलायचं. फक्त जिथे एका पायरीपेक्षा जास्त फरक आहे किंवा एकाच गोष्टीवर दोघांचं म्हणणं उलट आहे, तिथेच थांबायचं. एकमत झालं नाही तर सरासरी काढू नका. दोन्ही पुरावे लिहून दोघांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे द्या.

आकडा शेवटी

आता हिशेब. जुन्या कामात डिस्पॅचला ५० टक्के, अचूकतेला ३० आणि बारकोडला २० टक्के भार होता: ४ × ०.५ + ४ × ०.३ + ३ × ०.२ = ३.८. नव्या कामात तक्रारी ५०, फोन ३० आणि क्रेडिट नोटा २०: ३ × ०.५ + ३ × ०.३ + ४ × ०.२ = ३.२. दोन्ही दिवसांच्या प्रमाणात जोडले: (१९८ × ३.८ + १६७ × ३.२) ÷ ३६५ = ३.५३.

नवखे लोक आता भारावरून वाद घालतात. नवं काम जास्त महत्त्वाचं, त्याला ६० टक्के द्या, किंवा शिकण्याचे दिवस अर्धेच धरा. दिवसांप्रमाणे भार ५४ आणि ४६ टक्के येतो. तो बदलून जुन्याला ४० आणि नव्याला ६० केला तर ३.५३ चे ३.४४ होतात, फरक ०.०९ चा. उलट तक्रारींचं एकच रेटिंग २ वरून ३ झालं तेव्हा एकूण आकडा ०.२३ ने हलला. म्हणून वेळ भारावर घालवू नका, पुराव्यावर घालवा. भाराचा नियम वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांसाठी एकच ठरवा आणि नंतर त्याला हात लावू नका. शिकण्याचा काळ एकदा उद्दिष्टात धरला असेल तर भारात पुन्हा धरायचा नाही, नाहीतर तीच सवलत दोनदा मिळते.

३.५३ म्हणजे ४ की ३? हा आकडा अगदी कडेवर आहे आणि दशांशाने निर्णय घेण्याइतकं हे मोजमाप बारीक नाही. अशा वेळी ३ आणि ४ च्या एकूण व्याख्या वाचून, पुराव्याचा तक्ता समोर ठेवून दोघांनी ठरवावं आणि कारण तीन ओळींत लिहावं. इथे ४ ठरले. कारण असं लिहिलं: डिस्पॅच आणि अचूकता या दोन मोठ्या केआरएमध्ये उद्दिष्टाच्या पुढे, तुंबलेल्या क्रेडिट नोटांचा निपटारा, आणि दिवाळीत दोन्हीकडे काम सांभाळलं. ३ ठरले असते तरी चाललं असतं, कारण लिहिलेलं असणं महत्त्वाचं. सगळ्यांची रेटिंग्ज ठरावीक प्रमाणात बसवणाऱ्या बेल कर्व्हच्या बैठकीत या नावाला हात लावायचा झाला तर तिथेही हीच तीन वाक्यं वाचून दाखवायची.

तिला सांगणं

सेल्फ अप्रेझल मागवतानाच तिला ते दोन भागांत लिहायला सांगा, नाहीतर माणूस आत्ताच्या मॅनेजरला दिसेल तेवढंच लिहितो. निकाल एकाच व्यक्तीने, म्हणजे आत्ताच्या मॅनेजरने, सांगायचा. जुन्या मॅनेजरने आपल्या भागापुरतं पंधरा मिनिटं हजर राहावं, किमान फोनवर तरी. ‘मी तर जास्त देणार होतो, पण…’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून येता कामा नये. त्याने नव्या मॅनेजरवरचा तिचा विश्वास एका मिनिटात जातो. तक्ता तिच्या हातात द्या. जानेवारीतली चाकणची चूक कुठे धरली आणि का, हे तिने विचारायच्या आधी सांगा.

खासगी कंपनीत हे किती दाखवायचं ते कंपनीच्या धोरणावर असतं. सरकारी नोकरीत प्रश्नच उरलेला नाही: २००८ च्या देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळवायला हवी. ज्या तक्त्यावर माणसाची पगारवाढ ठरते तो त्याला न दाखवण्याचं चांगलं कारण खासगी कंपनीतही सापडत नाही.

पुरावा अपुरा असेल तेव्हा

एखाद्या मॅनेजरकडे माणूस फार थोडा काळ असेल तर त्याच्याकडून रेटिंग घेऊ नका, फक्त शेरा घ्या. अखिल भारतीय सेवांच्या २००७ च्या नियमांत अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने किमान तीन महिने काम पाहिलेलं असावं लागतं. खासगी कंपनीलाही हीच मर्यादा वापरता येते. फेब्रुवारीत बदली झाली असेल तर रेटिंग पूर्णपणे जुन्या कामाचं आणि नव्या मॅनेजरचा एक परिच्छेद शेवटी.

जुना मॅनेजर कंपनी सोडून गेला असेल तर त्याच्या जाण्याआधीच क्लोजिंग नोट घ्या आणि ती त्याच्या एक्झिटच्या यादीत टाकून ठेवा. ती नसेल तर मिड-इयर रिव्ह्यू, सिस्टिममधले आकडे आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचं म्हणणं, या क्रमाने पुरावा धरा. ज्या केआरएबद्दल काहीच सापडत नाही तिथे ३ टाकून मोकळं होऊ नका. तो केआरए हिशेबातून काढा, त्याचा भार त्याच काळातल्या बाकीच्या केआरएंवर प्रमाणात वाटा आणि फॉर्ममध्ये तसं लिहा.

सगळं झाल्यावर तक्ता, दोन्ही नोटा आणि ते तीन ओळींचं कारण एकाच फाइलमध्ये ठेवा. १ एप्रिलपासून तिला शिकण्याची सवलत नाही, कस्टमर सर्व्हिसचं पूर्ण उद्दिष्ट लागू. नव्या गोल शीटवर सुरुवातीचे आकडेही त्याच दिवशी लिहा: क्रेडिट नोटा ११ आणि ३१ मार्चला उघड्या असलेल्या तक्रारींची संख्या.